हिमालयात ज्वालामुखी का नाही?

मुलांनो, नकाशात आपला भारतीय भूपट्ट शोधा. त्याच्या उत्तरेच्या कडेला हिमालय आहे. सुमारे २४०० किलोमीटर लांबीची रांग, सात हजार मीटरच्या वरची कितीतरी शिखरं, पण त्यातल्या एकाही शिखरातून कधी लाव्हा येताना कुणी पाहिलेला नाही. आता त्याच भूपट्टाच्या पूर्वेच्या कडेला या. अंदमानच्या समुद्रात, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटरवर बॅरन नावाचं एक निर्मनुष्य बेट आहे. पाण्याच्या वर त्याची उंची जेमतेम साडेतीनशे मीटर, म्हणजे हिमालयाच्या मानाने टेकडीच. पण भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी तोच.

दोन्ही ठिकाणी भूपट्ट एकमेकांकडे सरकतात. परीक्षेत तुम्ही लिहिता ते वाक्यही दोन्हीकडे सारखंच असतं: भूपट्ट एकमेकांवर आदळले की पर्वत आणि ज्वालामुखी तयार होतात. मग एका कडेच्या वाट्याला नुसते पर्वत आणि दुसरीच्या वाट्याला आग, असं का झालं? आज आपण एवढाच प्रश्न धरून चालू.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो डोक्यात असला की पुढचं सगळं चुकतं. बऱ्याच जणांना वाटतं, भूपट्टांच्या खाली लाव्हारसाचा समुद्र आहे, भूपट्ट त्यावर तरंगतात आणि कुठे फट पडली की रस वर येतो. असं नाही. भूपट्ट म्हणजे भूकवच आणि त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा वरचा कडक भाग, दोन्ही मिळून साधारण शंभर किलोमीटर जाडीचा तुकडा. त्याच्या खालचं प्रावरण घन आहे. हे कळलं कसं? भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून आरपार जातात. त्या अडतात त्या थेट २९०० किलोमीटर खोलीवर, बाह्य गाभ्यापाशी. आणि तिथलं द्रव म्हणजे मुख्यतः वितळलेलं लोखंड. ते आपल्या ज्वालामुखींतून बाहेर येत नाही.

प्रावरण घन असलं तरी इतकं तापलेलं असतं की लाखो वर्षांच्या हिशेबात ते सावकाश वाहतं. त्यामुळेच वरचे भूपट्ट सरकू शकतात. पण घन खडक वाहणं वेगळं आणि वितळणं वेगळं. तापमान हजार अंशांच्या वर असूनही प्रावरण वितळत नाही, कारण वरून प्रचंड दाब असतो आणि दाब खडकाला घन ठेवतो. तेव्हा ज्वालामुखी दिसला की विचारायचं: इथला खडक वितळला कशाने? कारणं मोजकीच असतात. दाब कमी झाला, किंवा खडकात पाणी मिसळलं, किंवा नेहमीपेक्षा जास्त तापलेला खडक खालून वर आला. यातलं एकही घडलं नाही, तर भूपट्ट कितीही जोरात आदळोत, ज्वालामुखी होत नाही.

आता एका समुद्रतळाचा प्रवास बघू. त्याचा जन्म आपल्यापासून फार लांब झालेला नाही. अरबी समुद्राच्या नैर्ऋत्येला कार्ल्सबर्ग नावाची बुडालेली पर्वतरांग आहे. तिथे भारतीय भूपट्ट आणि आफ्रिकेकडचा भूपट्ट वर्षाला अडीच-तीन सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर जातात. ते दूर गेले की खालचं प्रावरण जागा भरायला वर येतं, वर येताना त्याच्यावरचा दाब उतरतो आणि त्याचा थोडासा भाग वितळतो. हा शिलारस वर येऊन थिजतो आणि नवा समुद्रतळ तयार होतो. पृथ्वीवरचा बहुतेक शिलारस अशा समुद्राखालच्या रांगांमध्येच बाहेर पडतो, फक्त दोन-तीन किलोमीटर पाण्याखाली असल्यामुळे त्याचा गाजावाजा होत नाही. आइसलँडमध्ये अशी रांग पाण्याच्या वर आली आहे, म्हणून तिथले उद्रेक बातम्यांत दिसतात.

पुढे या समुद्रतळाचं काय होतं, ते महत्त्वाचं. तो रांगेपासून दूर सरकत जातो, थंड होतो, जाड होतो आणि जड होतो. त्याच वेळी भेगांमधून समुद्राचं पाणी आत शिरतं. हे पाणी नुसतं भेगांत साठून राहत नाही, तर खडकातल्या खनिजांच्या रचनेतच बांधलं जातं. वरून गाळाचा ओला थर बसतो तो वेगळाच. कोट्यवधी वर्षांनी हा तळ इतका जड होतो की दुसऱ्या भूपट्टाशी गाठ पडल्यावर त्याच्याखाली बुडू लागतो. पुस्तकात प्रावरणातल्या प्रवाहांचे गोल बाण दाखवलेले असतात आणि भूपट्ट त्यांच्यावर पट्ट्यावरच्या सामानासारखे वाहत जातात असं वाटतं. ते चित्र मला अपुरं वाटतं. बुडणारी जड कड आपल्यामागचा सगळा भूपट्ट ओढत नेते, आणि भूपट्टांच्या गतीमागचं सगळ्यात मोठं बळ हेच असावं, असं आज बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. ज्या भूपट्टांना अशी लांबलचक बुडती कड आहे, ते इतरांपेक्षा वेगाने सरकतात, हा त्याचा एक पुरावा.

अंदमानला नेमकं हेच चालू आहे. भारतीय भूपट्टाचा समुद्रतळ पूर्वेच्या लहान बर्मी भूपट्टाखाली तिरका जातो आहे. जिथे तो वाकून खाली शिरतो तिथे समुद्रात खोल गर्ता आहे. शिरताना त्याच्या पाठीवरचा गाळ खरवडला जातो आणि वरच्या भूपट्टाच्या कडेला थरावर थर साचतो. अंदमानच्या मुख्य बेटांचा मोठा भाग अशा खरवडलेल्या गाळाचा आणि समुद्रतळाच्या तुकड्यांचा आहे. म्हणजे पोर्ट ब्लेअर ज्या जमिनीवर उभं आहे तीसुद्धा भूपट्टांच्या रेट्यातून वर आलेली डोंगररांगच आहे, पण तिथे ज्वालामुखी नाही. ज्वालामुखी आहे तो आणखी शंभरेक किलोमीटर पूर्वेला. हे अंतर कुठून आलं?

बुडणारा समुद्रतळ जसजसा खोल जातो तसतसा दाब आणि उष्णता वाढते आणि खनिजांत बांधलेलं पाणी सुटू लागतं. साधारण शंभर किलोमीटर खोलीच्या सुमारास हे पाणी वरच्या तापलेल्या प्रावरणात मिसळतं. कोरडं प्रावरण त्या खोलीवर वितळायला सुमारे १४५० ते १५०० अंश सेल्सिअस लागतात. पाणी मिसळलं की हजार-अकराशे अंशांनाही वितळणं सुरू होऊ शकतं. आइस्क्रीमच्या लाकडी पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ टाकतात ते आठवा. मिठाने बर्फ तापत नाही, तरी तो वितळतो, कारण त्याचा वितळण्याचा बिंदूच खाली येतो. पाणी खडकाचं तसंच करतं. तयार झालेला शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो, म्हणून तो वर चढतो. समुद्रतळ तिरका जात असल्यामुळे शंभर किलोमीटर खोली गाठेपर्यंत तो आडवाही बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे ज्वालामुखी गर्तेवर नसतो, गर्तेपासून दूर, वरच्या भूपट्टावर असतो.

याचा पडताळा दोन प्रकारे घेता येतो. अशा ठिकाणच्या भूकंपांची केंद्रं नकाशावर खोलीसकट मांडली, तर गर्तेजवळ ती उथळ दिसतात आणि ज्वालामुखीच्या बाजूला खोल खोल होत जातात. बुडणाऱ्या भूपट्टाचा उतार त्यातून जणू आखूनच मिळतो. दुसरं म्हणजे अशा ज्वालामुखीतून बाहेर पडणाऱ्या वायूंमध्ये सगळ्यात मोठा वाटा वाफेचा असतो. हीच वाफ वर येताना फुगते आणि उद्रेक स्फोटक करते.

बॅरन बेटाच्या उद्रेकाची नोंद १७८७ सालची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर ते शांत झालं, इतकं दीर्घकाळ की ते संपलं असं समजायला हरकत नव्हती. मग १९९१ मध्ये ते पुन्हा जागं झालं आणि त्यानंतर त्याचे उद्रेक अधूनमधून होतच राहिले. २६ डिसेंबर २००४ चा ९.१ क्षमतेचा भूकंप आणि त्सुनामी याच कडेवर झाली. सुमात्रापासून अंदमानपर्यंत जवळजवळ १३०० किलोमीटर लांबीची भेग एका दमात सरकली. भूकंप आणि ज्वालामुखी इथे एकाच बुडण्याची दोन फळं आहेत. एकाने दुसरं घडवलं असं मात्र सरसकट लिहू नका.

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वत आहे, तिथे नाझ्का भूपट्टाचा समुद्रतळ खंडाखाली जातो आणि रांगेत एकामागून एक ज्वालामुखी आहेत. पण पेरूमधल्या एका लांब पट्ट्यात आणि चिलीच्या मध्यभागातल्या एका पट्ट्यात एकही जागृत ज्वालामुखी नाही. तिथे बुडणारा भूपट्ट थोडा खाली जाऊन जवळजवळ आडवाच सरकतो. मग त्याच्यावर पाण्याने वितळवायला तापलेलं प्रावरण उरतच नाही. अँडीजमधलं सगळ्यात उंच शिखर अकोन्काग्वा, ६९६१ मीटर, यातल्या चिलीच्या पट्ट्याजवळ आहे आणि ते ज्वालामुखी नाही. म्हणजे भूपट्ट बुडतो आहे एवढ्याने भागत नाही. पाणी हवं, आणि त्याच्यावर तापलेलं प्रावरणही हवं.

आता हिमालयाकडे येऊ. हिमालयाच्या जागी पूर्वी टेथिस नावाचा महासागर होता आणि भारत त्याच्या दक्षिणेला बराच दूर होता. टेथिसचा समुद्रतळ आशियाखाली बुडत होता. आता तुम्हीच सांगा, तेव्हा आशियाच्या दक्षिण किनाऱ्यावर काय असायला हवं? ज्वालामुखी! आणि ते होते. लडाखमध्ये द्रासच्या परिसरात त्या काळचे ज्वालामुखीजन्य खडक आजही सापडतात, आणि सिंधू नदीच्या उत्तरेची लडाखची रांग ज्या ग्रॅनाइटची आहे तो अशा ज्वालामुखींच्या पोटात थिजलेला शिलारस आहे. तेव्हा ‘हिमालयात ज्वालामुखी का नाही’ हा प्रश्न खरं तर ‘ज्वालामुखी विझले का’ असा आहे.

त्या काळी भारताची गती विलक्षण होती, वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी टेथिस संपला आणि भारताच्या भूखंडाची कड आशियाला भिडली. समुद्रतळाचा खडक बेसाल्ट, त्याची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट. भूखंडाचा खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, पाण्याच्या पावणेतीनपट. फरक किरकोळ वाटतो, पण सगळं त्यावर अवलंबून आहे. प्रावरणाची घनता पाण्याच्या ३.३ पट आहे. थंड होऊन जड झालेला समुद्रतळ त्यात बुडतो, पण भूखंडाचं जाड, हलकं कवच खोल बुडत नाही. भारताची गती वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास उतरली, पण ढकलणं थांबलं नाही. खाली जाता येत नाही, मागे सरता येत नाही, मग कवच तुटलं आणि त्याचे प्रचंड पट्टे एकमेकांवर चढले. तुमच्या पुस्तकात वली पर्वताची आकृती नागमोडी थरांची असते. ती खोटी नाही, हिमालयात तशा वळ्या भरपूर आहेत. पण हिमालयाची उंची नुसत्या वळ्यांनी झालेली नाही. ती मुख्यतः भ्रंशांवरून सरकून एकावर एक रचलेल्या पट्ट्यांनी झाली आहे. साधारण भूखंडाखाली कवचाची जाडी ३५ ते ४० किलोमीटर असते, तिबेटखाली ती ७० किलोमीटरच्या आसपास आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रात तयार झालेला आहे आणि त्यात समुद्री जीवांचे अवशेष आहेत.

मग ज्वालामुखी विझले कशाने, हे आता सरळ आहे. पाण्याने भिजलेला समुद्रतळ संपला. खाली पाणी पोहोचवणाराच उरला नाही. शिवाय वरचं कवच दुप्पट जाड झालं, त्यातून शिलारसाला वाट काढणं अवघड.

खडक अजिबातच वितळत नाही असं मात्र नाही. इतकं जाड कवच खालून तापतं, आणि गाडल्या गेलेल्या गाळाच्या खडकांचा काही भाग वितळतो. पण हा शिलारस घट्ट आणि चिकट असतो, तो पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही, आतच थिजून फिकट ग्रॅनाइट होतो. गंगोत्रीच्या वरचं शिवलिंग शिखर अशाच ग्रॅनाइटचं आहे. वरचे थर झिजून गेले म्हणून ते उघडं पडलं. हिमालयात मणिकर्ण आणि लडाखमधलं पुगा इथे उकळतं पाणी येतं, त्यावरून तिथे ज्वालामुखी असावा असं काही जण लिहितात. गरम पाण्याला ज्वालामुखी लागत नाही; पाणी भेगांतून पुरेसं खोल जाऊन परत आलं की पुरे. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांचंही तेच.

आणि पर्वत वाढतो तरी कसा? दरवर्षी थोडा थोडा, असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो अडखळत वाढतो. नेपाळमधल्या जीपीएस केंद्रांच्या मोजणीनुसार भारताच्या वार्षिक सरकण्यापैकी जवळजवळ दोन सेंटिमीटर एकट्या हिमालयात दाबले जातात. तिथला मोठा भ्रंश अडकून बसतो आणि ताण शतकभर साठतो. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात ७.८ क्षमतेचा भूकंप झाला तेव्हा त्या भ्रंशाचा एक भाग सुटला. काठमांडूची जमीन सुमारे एक मीटर वर उचलली गेली आणि उत्तरेकडचा उंच पर्वताचा भाग थोडा खचला. भूकंपाने पर्वत वाढतोच असं गृहीत धरणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल. दोन भूकंपांच्या मधल्या काळात उंच भाग हळूहळू वर जातो, भूकंपात त्यातलं काही परत जातं, आणि या सगळ्या देवघेवीत जे शिल्लक राहतं तीच वाढ. त्यातलंही बरंचसं नद्या आणि हिमनद्या खरवडून नेतात.

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, मग सह्याद्रीचं काय? सह्याद्री भूपट्टाच्या कडेवर नाही, मध्येच आहे. इथे कुणी कुणावर आदळलं नाही. तरीही हा सगळा डोंगर लाव्ह्याचा आहे. इथे तिसरं कारण लागू पडतं. प्रावरणात काही ठिकाणी नेहमीपेक्षा तप्त खडकाचा झोत खालून वर येतो आणि वर येताना दाब उतरल्यामुळे भरपूर वितळतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत अशा झोतावरून जात होता. लाव्हा एखाद्या शंकूतून उसळला नाही, तो लांबलचक भेगांतून पुरासारखा पसरला. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतींसारखे उभे राहिलेले काळे खडक दिसतात, त्या थिजलेल्या भेगाच. आजही या लाव्ह्याखाली सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश आहे.

झोत जागेवर राहिला आणि भूपट्ट त्याच्यावरून उत्तरेला सरकला. त्यामुळे समुद्रात दक्षिणेकडे एक माग उमटला: लक्षद्वीप आणि मालदीव ज्या बुडालेल्या रांगेवर आहेत ती, मग मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन बेट, जिथला ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्या पायाखालचा काळा खडक आणि कळसूबाईचा काळा खडक एकाच झोताचे, फक्त वयाने फार वेगळे. हा झोत किती खोलवरून येतो यावर वाद आहे, आणि सह्याद्रीचा पश्चिमेकडचा कडा नेमका कधी आणि का इतका उंच उभा राहिला यावरही. पण घाटात बस थांबली की कातळाकडे बघा. थर आडवे दिसतील, पायऱ्यांसारखे एकावर एक. हिमालयातल्या थरांचे फोटो शेजारी ठेवा: ते कललेले, मुडपलेले, कुठे कुठे उलटे. आडवे थर सांगतात की दऱ्या पाण्याने कोरल्या आणि उरला तो डोंगर. मुडपलेले थर सांगतात की जमीन दाबली गेली.

शेवटी नकाशावरच्या एका रेषेबद्दल. अनेक पुस्तकांत भारत आणि ऑस्ट्रेलिया एकाच भूपट्टावर दाखवतात. पण श्रीलंकेच्या दक्षिणेला, हिंदी महासागराच्या तळाशी, समुद्रतळाच्याच मोठमोठ्या वळ्या पडल्या आहेत: एका वळीपासून दुसरीपर्यंत शे-दोनशे किलोमीटर अंतर, आणि वळीची उंची एक-दोन किलोमीटर. गाळ वरून बसल्यामुळे त्या झाकल्या आहेत. हिमालयाशी अडलेल्या भारताचा रेटा आणि ऑस्ट्रेलियाची वेगळी चाल या दोन्हींमध्ये तो समुद्रतळ चेपला जातो आहे. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ क्षमतेचा भूकंप झाला, तोसुद्धा बुडणाऱ्या कडेवर नव्हे, तर भूपट्टाच्या आतल्या भागात. म्हणून बरेच संशोधक आता हे दोन वेगळे भूपट्ट मानतात, फक्त त्यांच्यातली सीमा अजून एक रेघ नसून शेकडो किलोमीटर रुंद पट्टा आहे. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडालेला नाही, म्हणून खाली पाणी पोहोचत नाही, आणि म्हणून एवढं चेपलं जाऊनही तिथे ज्वालामुखी नाही. तुमच्या नकाशात ती सीमा नसेल, तर पेन्सिलीने आखा, पण तुटक रेषेने.